सॅप सर्टिफिकेटवर पैसे घालण्याआधी: पुण्यात कोर्सची फी कशी वाचायची आणि कंपनी नेमकं काय मागते

सॅप म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, विक्री, हिशोब असं सगळं एका जागी चालवणारं सॉफ्टवेअर. पुण्यात ते शिकायला निघालेल्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी डेक्कनला नाहीतर पिंपळे सौदागरला एखाद्या क्लासमध्ये डेमो बघतात, तिथेच फी भरतात, चार महिन्यांनी कळतं की क्लासचं सर्टिफिकेट वेगळं आणि सॅपचं वेगळं, मग परीक्षेसाठी परत पैसे जमवतात, आणि सगळ्यात शेवटी नोकरीच्या जाहिराती उघडून बघतात तर तिथे सर्टिफिकेटचा उल्लेख शेवटच्या ओळीत. हा क्रम सरळ करायचा, एवढ्यासाठी हे लिहितोय. सॅपचे खात्यांप्रमाणे भाग असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. मी एमएम म्हणजे मटेरियल मॅनेजमेंटमध्ये काम करतो आणि मुलाखती घ्यायला बसतो, त्यामुळे उदाहरणं एमएमचीच देतोय, पण फिको, एसडी, पीपी कुठलंही असलं तरी क्रम तोच.

ज्यांना मायक्रोसॉफ्ट डायनॅमिक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचंय त्यांनीही हाच क्रम धरा. तिथे अभ्यासाचं साहित्य मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट आहे आणि बिझनेस सेंट्रलच्या फंक्शनल कन्सल्टंटची परीक्षा MB-800 आहे. पण पुण्याच्या आजूबाजूला चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगाव असा कारखान्यांचा पट्टा असल्यामुळे इथे विचारणा जास्त सॅपचीच होते, म्हणून पुढचं सगळं सॅपवर.

## टप्पा १: मॉड्यूल आधीच्या कामावरून ठरवा

कुठल्या मॉड्यूलला स्कोप आहे, हा प्रश्न क्लासवाल्याला विचारू नका, कारण त्याची जी बॅच भरायची आहे त्याच मॉड्यूलला स्कोप असतो. स्वतःला विचारा की मी आत्तापर्यंत कुठल्या खात्यात काम केलंय. परचेस किंवा स्टोअर्समध्ये असाल तर एमएम. अकाउंट्समध्ये असाल, बीकॉम, एमकॉम, सीए इंटर वगैरे झालं असेल तर फिको. डिस्पॅच, बिलिंग, सेल्स कोऑर्डिनेशन केलं असेल तर एसडी. प्रॉडक्शन प्लॅनिंग केलं असेल तर पीपी. काहीच अनुभव नाही आणि कोडिंग आवडतं तर एबॅप म्हणजे सॅपचं प्रोग्रॅमिंग, कारण फ्रेशरला फंक्शनलपेक्षा तिकडे शिरणं जरा सोपं जातं.

हे एवढं ठासून सांगायचं कारण असं की फंक्शनल कन्सल्टंटचं काम म्हणजे समोरच्या कंपनीच्या परचेस मॅनेजरशी त्याच्या भाषेत बोलणं. जॉबवर्क चलन म्हणजे काय, माल आला पण बिल आलं नाही तर काय करतात, रिजेक्शन परत कसं पाठवतात, हे ज्याने हाताने केलंय त्याला सॅपमधली स्क्रीन महिनाभरात शिकवता येते. उलटं शिकवायला फार वेळ लागतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

तपासा: तुमच्या खात्यातला एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सॅपचं नाव न घेता, पाच मिनिटं सांगता येतो का? येत नसेल तर मॉड्यूल चुकतंय किंवा आधी त्या खात्यात वर्षभर काम करायला हवं.

## टप्पा २: जाहिराती वाचा, पण तक्ता करून

एक एक्सेल शीट उघडा आणि नोकरीच्या साइटवर तुमच्या मॉड्यूलचं नाव आणि पुणे टाकून वीस-पंचवीस जाहिराती वाचा. चार रकाने करा: किती वर्षांचा अनुभव, कसला अनुभव (इम्प्लिमेंटेशन, सपोर्ट की डोमेन), सर्टिफिकेट मागितलंय का, आणि मागितलं असेल तर कुठल्या शब्दात. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. मॅंडेटरी लिहिलंय की प्रिफर्ड लिहिलंय की ॲडेड ॲडव्हांटेज, हे जसंच्या तसं उतरवून घ्या.

हे केलं की एक गोष्ट दिसायला लागते. पुण्यात मागणारे ढोबळ तीन प्रकारचे आहेत आणि तिघांचं सर्टिफिकेटबद्दलचं वागणं वेगळं आहे.

पहिले म्हणजे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा भागातल्या मोठ्या सर्व्हिस कंपन्या. त्या अनुभवी माणसाला प्रोजेक्ट विचारतात, किती फुल सायकल इम्प्लिमेंटेशन, म्हणजे सुरुवातीपासून चालू होईपर्यंत सॅप बसवायची कामं केली ते विचारतात. सर्टिफिकेट असलं तर चांगलं, नसलं म्हणून त्यांनी सहा वर्षांचा माणूस नाकारला असं मी तरी पाहिलेलं नाही. आणि कॉलेजमधून घेतलेल्या फ्रेशरला त्या स्वतःच ट्रेनिंग देतात.

दुसरे म्हणजे छोट्या-मध्यम पार्टनर कंपन्या, सॅपच्या भागीदार म्हणून क्लायंटकडे सॅप बसवून देणाऱ्या. यांचं गणित वेगळं आहे. सॅपच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये कंपनीला आपल्याकडे सर्टिफाइड कन्सल्टंट आहेत हे दाखवावं लागतं, शिवाय क्लायंटला प्रपोजल पाठवताना टीमच्या नावापुढे सर्टिफाइड लिहायला बरं पडतं. म्हणून सर्टिफिकेटचा खराखुरा उपयोग होण्याची शक्यता याच कंपन्यांमध्ये जास्त. पण गंमत बघा, याच कंपन्या बऱ्याचदा आपल्या माणसाची परीक्षेची फी स्वतः भरतात. म्हणजे आत शिरल्यावर जे कंपनीच्या पैशाने होऊ शकतं ते आपण बाहेर उभं राहून स्वतःच्या खिशातून करत असतो, आणि हे करावं की नाही हे प्रत्येकाच्या परिस्थितीवर आहे, पण निदान माहीत असावं.

तिसरे म्हणजे कारखान्यांच्या स्वतःच्या आयटी टीम. यांना आपला प्लांट समजणारा माणूस हवा असतो. इथे सर्टिफिकेटबद्दल क्वचितच विचारतात. इथली सगळ्यात चांगली वाट म्हणजे आधीच त्या कंपनीत सॅप वापरणारा युजर असणं, मग की युजर म्हणजे आपल्या खात्यातला सॅपचा जाणकार होणं, आणि नवीन प्रोजेक्ट आला की कोअर टीममध्ये नाव लागणं. ज्यांच्या कंपनीत सॅप आहे त्यांनी क्लास शोधायच्या आधी आपल्या आयटी मॅनेजरला जाऊन भेटा, टेस्टिंगला मदत करू का विचारा. हा अनुभव फुकट मिळतो आणि खरा असतो.

इशारा: एखादी जाहिरात फ्रेशर घेऊ, फक्त आमच्याकडून ट्रेनिंग घ्यावं लागेल असं म्हणत असेल आणि त्याचे पैसे तुमच्याकडून मागत असेल, तर ती नोकरीची जाहिरात नाही, क्लासची आहे. तक्त्यातून काढून टाका.

## टप्पा ३: तीन कागद वेगळे ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

पहिला कागद म्हणजे क्लासचं कोर्स कम्प्लिशन सर्टिफिकेट. कुठलाही क्लास छापून देऊ शकतो, त्यावर सॅपचा लोगो असला तरी त्याला सॅपच्या परीक्षेचं वजन नाही. दुसरा म्हणजे सॅपच्या अधिकृत ट्रेनिंगला हजर राहिल्याचा कागद. ट्रेनिंग खरं, पण तीही परीक्षा नाही. तिसरं म्हणजे सॅपची स्वतःची परीक्षा पास झाल्यावर मिळणारं सर्टिफिकेट, ज्याला इथे सगळे ग्लोबल सर्टिफिकेशन म्हणतात. याचा डिजिटल बॅज क्रेडली या साइटवर येतो आणि त्याची लिंक कोणीही उघडून तपासू शकतं.

क्लासवाला म्हणाला की आमच्या कोर्समध्ये सर्टिफिकेशन इन्क्लूडेड आहे, तर दोनच प्रश्न विचारा: क्रेडलीवर सॅपचा बॅज येणार का, आणि परीक्षेची फी यात धरली आहे का? दोन्हीचं उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. तोंडी हो म्हणणारे बरेच जण लिहून द्यायची वेळ आली की ‘असिस्टन्स’ हा शब्द आणतात.

अजून एक गोष्ट, जी जुने लोक अजूनही चुकीची सांगतात. आधी हे सर्टिफिकेट एकदा घेतलं की झालं असं होतं. २०२४ पासून सॅपने पद्धत बदलली, आता ते बारा महिन्यांपुरतं चालू राहतं आणि पुढे टिकवायचं तर सॅपच्या लर्निंग साइटवर छोटी असेसमेंट वेळेत द्यावी लागते. म्हणून नोकरी शोधायला तुम्ही अजून वर्षभर सुरुवात करणारच नसाल आणि ती असेसमेंटही देणार नसाल तर आज परीक्षा देऊन हातात काही राहत नाही.

## टप्पा ४: क्लासच्या आधी फुकटचं संपवा

learning.sap.com वर अकाउंट उघडा. बरेच लर्निंग जर्नी तिथे फुकट आहेत. तुमच्या मॉड्यूलचा एक पूर्ण करा, वहीत नोट्स काढत करा. इंग्रजी जड जातं म्हणून लोक सोडतात, पण पुढे नोकरीतही डॉक्युमेंट इंग्रजीतच वाचायची असतात, तेव्हा सवय आत्ताच होऊ दे.

याचे दोन फायदे. एक, हे काम आपल्याला झेपतंय आणि आवडतंय का ते पैसे न घालवता कळतं. दुसरं, डेमो लेक्चरला बसल्यावर शिकवणाऱ्याला काय येतं आणि काय येत नाही ते तुम्हाला समजतं, जे अगदी कोरं जाऊन कधीच समजत नाही.

तपासा: प्लांट, स्टोरेज लोकेशन, कंपनी कोड आणि परचेसिंग ऑर्गनायझेशन यांचं एकमेकांशी नातं कागदावर काढता आलं, तर पुढच्या टप्प्याला जा.

## टप्पा ५: फीचं कोटेशन फोडून बघा

फोनवर जो आकडा सांगतात तो पूर्ण आकडा क्वचितच असतो. उदाहरण म्हणून एक हिशोब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या कोटेशनमधले आकडे त्या जागी टाका.

समजा सांगितलेली फी ६५,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११,७००, झाले ७६,७००. यात सर्व्हर ॲक्सेस दोन महिन्यांचा. आता शनिवार-रविवारची बॅच चार महिने चालते, आणि संपल्यावर मुलाखतींची तयारी करताना अजून तीन महिने तरी सिस्टीम हाताशी लागते. म्हणजे सात महिने हवेत आणि मिळतायत दोन. उरलेले पाच महिने दरमहा २,५०० ने १२,५००, त्यावर जीएसटी २,२५०, म्हणजे १४,७५०. मग सर्टिफिकेशन असिस्टन्स नावाची एक वेगळी ओळ, १०,००० अधिक जीएसटी १,८००. आणि हप्त्यावर घेतलं तर लोनची प्रोसेसिंग फी, ७६,७०० वर दोन टक्के धरली तर १,५३४ आणि त्यावर जीएसटी २७६ असे १,८१०.

सगळं मिळून १,०५,०६० रुपये. पासष्ट हजारांचा कोर्स एक लाख पाच हजारांवर गेला आणि सॅपच्या परीक्षेची फी अजून यात नाहीच. ती सॅपच्या ट्रेनिंग शॉपवर भारतासाठी जी दिसते ती स्वतः बघा, तिथे किती अटेम्प्ट मिळतात आणि किती मुदतीत वापरायचे हेही लिहिलेलं असतं.

आता भागाकार करा. कोर्समध्ये शिकवण्याचे तास किती? तीस लेक्चर दोन तासांची म्हणजे ६० तास. ६५,००० भागिले ६० म्हणजे तासाला साधारण १,०८३ रुपये. दुसरा क्लास ४५,००० ला ३० तास देत असेल तर तो तासाला १,५०० पडतो, म्हणजे दिसायला स्वस्त पण महाग. आणि रेकॉर्डेड व्हिडिओचे तास यात धरू नका. ते वेगळे विचारा.

कोटेशन घेताना या गोष्टी लिहून घ्या: जीएसटीसह एकूण रक्कम, सर्व्हर किती महिने आणि नंतरचा दर, चुकलेलं लेक्चर पुढच्या बॅचला बसता येतं का, शिकवणारा मधेच सोडून गेला तर काय, आणि कोर्स सोडला तर किती परत. जीएसटी घेतला तर बिलावर GSTIN हवाच, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघायला एक मिनिट लागतं.

इशारा, हप्त्यांबद्दल: नो कॉस्ट ईएमआय म्हणून जे देतात ते बहुतेकदा क्लास आणि तुमच्यातलं हप्त्याचं बोलणं नसतं, ते एका फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं लोन असतं. पूर्ण पैसे क्लासला सुरुवातीलाच जातात. नंतर शिकवणं आवडलं नाही, बॅच बंद पडली, तुम्ही सोडून दिलं, तरी हप्ता तुमच्या खात्यातून कापला जातो आणि बाऊन्स झाला तर सिबिल तुमचा खराब होतो. म्हणून ओटीपी सांगायच्या आधी की फॅक्ट स्टेटमेंट मागा, त्यात खरा वार्षिक दर आणि सगळे चार्जेस एका जागी लिहिलेले असतात, आणि डिजिटल लोन असेल तर किती दिवसांत रद्द करता येतं तेही असतं. डेमोच्या दिवशी काउन्सेलर तुमचा मोबाइल हातात घेऊन ॲप भरायला लागला तर मोबाइल परत घ्या आणि घरी या. ऑफर आजच संपतेय असं सांगितलं तरी या. पैशावरून फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथेही लिहून घेतलेलंच कामाला येतं.

## टप्पा ६: डेमोला सिस्टीम तपासा

डेमोत पीपीटी बघून यायचं नाही. सिस्टीम उघडायला सांगा आणि तीन गोष्टी बघा.

एक, कुठलं व्हर्जन. मेनूमधून System आणि मग Status उघडलं की कळतं. जुन्या ECC चा मेनस्ट्रीम मेंटेनन्स २०२७ अखेर संपतोय, तेव्हा आज नव्याने शिकणाऱ्याने S/4HANA या नव्या व्हर्जनवरच शिकावं. व्हेंडर तयार करून दाखवा म्हणा. S/4HANA मध्ये XK01 हा व्हेंडर बनवायचा जुना कोड टाकला तरी सिस्टीम BP मध्ये घेऊन जाते, कारण तिथे व्हेंडर आणि कस्टमर दोन्ही बिझनेस पार्टनर झालेत. जुनीच XK01 ची स्क्रीन उघडली, किंवा माल घ्यायला MB01 वापरून दाखवलं, तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, समोर ECC आहे.

दोन, तुम्हाला SPRO या कॉन्फिगरेशनच्या मेनूमध्ये बदल करून सेव्ह करता येणार का? कन्सल्टंट कॉन्फिगरेशन करतो, नुसतं PO म्हणजे परचेस ऑर्डर बनवणं हे युजरचं काम झालं. पूर्ण बॅचला एकच युजर आयडी देऊन फक्त बघायची परवानगी असेल तर त्या सर्व्हरचा उपयोग फार थोडा.

तीन, सर्व्हर कोणाचा? सॅपची सिस्टीम लायसन्सशिवाय भाड्याने देता येत नाही, पण देणारे बरेच आहेत आणि असा सर्व्हर कुठल्याही दिवशी बंद पडतो, तुमचं केलेलं सगळं कॉन्फिगरेशन घेऊन. अधिकृत ॲक्सेस आहे का हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर त्या सर्व्हरचे वेगळे पैसे भरू नका.

## टप्पा ७: सराव असा करा की मुलाखतीत सांगता येईल

मुलाखतीत आम्ही व्याख्या विचारत नाही, म्हणजे विचारतो, पण एखादीच. नंतर एक केस देतो. ती इथे पूर्ण करून दाखवतो.

१०० किलो कच्चा माल, २५० रुपये किलोने PO केला. ME21N मध्ये PO, मग MIGO मध्ये मूव्हमेंट टाइप 101 ने माल घेतला. अकाउंटिंगमध्ये काय झालं? मटेरियलला मूव्हिंग ॲव्हरेज प्राइस असेल तर स्टॉक खातं २५,००० डेबिट आणि GR/IR खातं २५,००० क्रेडिट. GR/IR म्हणजे माल आला पण बिल यायचंय तोवरचं मधलं खातं, व्हेंडरच्या खात्यात अजून काहीच नाही. मग MIRO मध्ये बिल, १८ टक्के जीएसटीसह: GR/IR २५,००० डेबिट, इनपुट टॅक्स ४,५०० डेबिट, व्हेंडर २९,५०० क्रेडिट.

आता पुढचा प्रश्न. मटेरियलला स्टँडर्ड प्राइस २४० असेल तर? स्टॉक २४,००० नेच वाढतो, फरकाचे १,००० प्राइस डिफरन्सला डेबिट, GR/IR तसंच २५,००० क्रेडिट. आणि त्यापुढचा: माल १०० किलो घेतला पण बिल ९० किलोचंच आलं आणि बाकीचं येणारच नाही. GR/IR वर २,५०० पडून राहतात, ते MR11 ने साफ करायचे, पण आधी परचेसला विचारायचं की दहा किलो खरंच आले होते का. हे शेवटचं वाक्य जो स्वतःहून बोलतो तो स्टोअर्समध्ये काम केलेला असतो, आणि आम्हाला तोच हवा असतो.

सरावातच मुद्दाम चुका घडवून आणा. नवीन मटेरियल बनवा, अकाउंट डिटर्मिनेशन म्हणजे कुठली पोस्टिंग कुठल्या खात्यात जाणार हे ठरवणं करू नका आणि MIGO पोस्ट करायला जा. असा एरर येतो:

```
Account determination for entry INT BSX 0001 ___ 3000 not possible
```

क्लासमध्ये हा आला की सर म्हणतात OBYC ला जा, अकाउंट टाका. तसं करून तो जातोही, पण तुम्ही थांबून वाचा. INT हा चार्ट ऑफ अकाउंट्स, BSX म्हणजे स्टॉकची पोस्टिंग, 0001 हा व्हॅल्युएशन ग्रुपिंग कोड, 3000 हा व्हॅल्युएशन क्लास. म्हणजे सिस्टीम सांगतेय की या चौघांच्या जोडीला जीएल अकाउंट सापडलं नाही. मग कारणं तीन असू शकतात: OBYC मध्ये अकाउंट खरंच टाकलेलं नाही, किंवा प्लांटला ग्रुपिंग कोड चुकीचा लागलाय, किंवा मटेरियल मास्टरमध्येच व्हॅल्युएशन क्लास चुकीचा निवडलाय. तिसरं कारण असताना पहिला उपाय केला तर एरर जातो पण पॅकिंगचा माल कच्च्या मालाच्या खात्यात बसतो आणि महिनाअखेर अकाउंट्सवाले बोंबलतात.

असे सात-आठ एरर, प्रत्येकाचं कारण आणि तपासायचा क्रम, स्वतःच्या वहीत असू द्या. दुसरा हमखास येणारा म्हणजे पिरियडचा, Posting only possible in periods ने सुरू होणारा, जो MMPV शी संबंधित आहे. त्याचं कारण तुम्ही शोधून लिहा.

तपासा: वही मिटून, एक PO ते पेमेंट हा प्रवास प्रत्येक पायरीच्या अकाउंटिंगसह कागदावर लिहिता येतो का? येईपर्यंत परीक्षेचे पैसे भरू नका.

## टप्पा ८: परीक्षा कधी, आणि कुठली

परीक्षा द्यावी असं मी कुणाला सांगतो? ज्याच्याकडे डोमेनचा तीन-चार वर्षांचा अनुभव आहे, सॅपचा प्रोजेक्ट अनुभव नाही, आणि ज्याच्या तक्त्यात छोट्या पार्टनर कंपन्या जास्त आहेत. अशा माणसाचा रेझ्युमे नुसता परचेस एक्झिक्युटिव्ह म्हणून बाजूला पडू शकतो, तिथे सर्टिफिकेट त्याला एचआरच्या पहिल्या चाळणीतून पुढे ढकलतं. पुढची चाळणी टप्पा ७ ची. माझ्या मावसभावाचं असंच झालं, चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्सला होता, मुलाखतीचा फोन सर्टिफिकेटमुळे आला असं एचआरने त्याला स्वतः सांगितलं, पण आत गेल्यावर पाऊण तास सबकॉन्ट्रॅक्टिंगवरच बोलणं झालं, म्हणजे जे तो रोज करत होता तेच.

पूर्ण फ्रेशरने मात्र आधी डोमेनची नोकरी धरावी असं माझं स्पष्ट मत आहे, सर्टिफिकेट नंतर. आणि आधीच सपोर्टमध्ये असाल तर कंपनीला फी भरायला सांगा.

कोड नीट बघून निवडा. एमएमची S/4HANA ची परीक्षा C_TS452 या नावाने सुरू होते आणि पुढचे आकडे आवृत्तीप्रमाणे बदलतात. बंद होत आलेल्या आवृत्तीची परीक्षा देऊ नका. परीक्षेचं स्वरूप, वेळ, पासिंग टक्के हे सॅपच्या साइटवरच्या त्या परीक्षेच्या पानावर असतात, क्लासच्या नोट्समधलं जुनं असू शकतं. घरून देताना नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच अकाउंटला हवं, खोलीत दुसरं कोणी नको आणि नेट पक्कं हवं.

इशारा: डम्प म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेले प्रश्न पाठ करून पास होणारे मुलाखतीत लगेच उघडे पडतात. बॅज असलेल्या माणसाला आम्ही अवघड प्रश्नापासून सुरुवात करतो, मग त्याला 101 ची एंट्री सांगता आली नाही की बॅज नसण्यापेक्षा वाईट दिसतं. शिवाय सॅपच्या नियमात ते बसत नाही, पकडलं गेलं तर निकाल रद्द होऊ शकतो.

## टप्पा ९: रेझ्युमे, आणि ज्याला हात लावायचा नाही ती गोष्ट

काही ठिकाणी कोर्सच्या शेवटी दोन-तीन वर्षांचा अनुभव लावून देतो म्हणतात, ऑफर लेटर, सॅलरी स्लिप, रिलिव्हिंग सगळं, वरून पैसे घेऊन. हे घेऊ नका. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तुमच्या UAN ची सर्व्हिस हिस्टरी मागतात, त्यात पीएफ कोणत्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत भरला ते दिसतं. फॉर्म 26AS मागतात. बँक स्टेटमेंट मागतात. त्या कंपनीच्या पत्त्यावर जाऊन चौकशी होते. जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी सापडलं तरी काढून टाकतात आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी ते लपवत बसावं लागतं. सगळे करतात असं सांगणारा काउन्सेलर तेव्हा तुमच्या बाजूला उभा नसतो.

रेझ्युमे खरा लिहा आणि असा लिहा. वर डोमेन अनुभव, त्यात आकडे: किती व्हेंडर सांभाळले, महिन्याला किती PO, किती स्टोरेज लोकेशन, वर्षाची इन्व्हेंटरी मोजणी कशी केली. कंपनीत जे सॉफ्टवेअर होतं त्याचं नाव, टॅली असलं तरी. त्याखाली सॅपचा सराव, पण त्याला प्रोजेक्ट म्हणू नका, सेल्फ प्रॅक्टिस असंच लिहा, आणि काय काय कॉन्फिगर केलं ते चार ओळींत: एंटरप्राइज स्ट्रक्चर, रिलीज स्ट्रॅटेजी, अकाउंट डिटर्मिनेशन, सबकॉन्ट्रॅक्टिंग. मग बॅजची लिंक, असेल तर.

अर्ज पाठवताना टप्पा २ चा तक्ता परत उघडा. पार्टनर कंपन्यांना असोसिएट किंवा ट्रेनी कन्सल्टंटसाठी, कारखान्यांना की युजर किंवा आयटी सपोर्टसाठी, आणि ज्या कंपनीत सॅप आहे अशा ठिकाणी परचेस-स्टोअर्सच्या साध्या पोस्टसाठीही. पगार तोच मिळाला तरी ती शेवटची वाट सोडू नका, कारण तिथे बसून वर्षभरात जे GR/IR, जे पिरियड क्लोजिंग, जे रिजेक्शन तुम्ही खऱ्या डेटावर बघाल ते रेझ्युमेत सॅपचा अनुभव म्हणून लिहिता येतं आणि पीएफच्या नोंदीत त्याच कंपनीचं नाव असतं.